वास नसलेली कॉफी

या कॉफीला वास नाही, असं भाऊ पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मला राग आला होता. ती कॉफी मीच त्याला दिली होती. पाकिटावरची भाजल्याची तारीख बघून, जेमतेम दहा दिवसांपूर्वी भाजलेल्या बिया मी त्याच्यासाठी मागवल्या होत्या.

जळगावात आमचं भांड्यांचं दुकान आहे. कुकर, पातेली, डबे हे नवऱ्याकडे. आत गेल्यावर डाव्या हाताची मांडणी माझी, तिच्यावर चहा-कॉफीचं सामान. वाढदिवसाला, लग्नाला काहीतरी वेगळं द्यायचं म्हणून लोक येतात आणि विचारतात, "कॉफीचा फार शौक आहे हो त्याला, काय देऊ?" मी आधी उलट विचारते, तो सध्या कॉफी करतो कशी? दुधात पावडर ढवळून पीत असेल तर स्टीलचं फिल्टर द्या किंवा फ्रेंच प्रेस द्या, सोबत ताज्या कॉफीचं एक पाकीट. एवढ्याने सुरुवात होते. ज्याच्याकडे बिया दळायची सोय नाही त्याला महागडं यंत्र देऊ नका, ते ओट्यावर धूळ खात पडतं. चहाच्या शौकिनासाठी आत गाळणी असलेली काचेची किटली आणि अख्ख्या पानांचा चहा. जामनेरहून एक शिक्षिका दर वर्षी येतात, त्यांनी सासऱ्यांसाठी अशी किटली नेली होती. पुढच्या वर्षी म्हणाल्या, सासरे त्यात अजून दूध-साखर घालूनच पितात, पण किटली कुणाला हात लावू देत नाहीत.

लोकांना हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर भाऊच असायचा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. धुळ्याच्या एका कॉलेजात त्याने आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. आम्ही साक्रीचे, घरात गुळाचा चहा. कॉफीची चटक त्याला शिकत असताना वसतिगृहात लागली, खोलीतला सोबती दक्षिणेकडचा होता. पण नोकरी, मुलगी, घराचं बांधकाम यात ती चटक तशीच राहून गेली. तो निवृत्त झाला त्या दिवशी मी त्याला स्टीलचं फिल्टर दिलं. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोकं, त्यात पूड दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि खालच्या भांड्यात थेंब थेंब दाट अर्क उतरायची वाट बघायची. पहिल्या दिवशी तो खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसला. मास्तर माणूस, त्याला त्या थेंबांमध्येही प्रयोग दिसत होता.

नंतरच्या वाढदिवसाला मी फ्रेंच प्रेस दिली. काचेच्या भांड्यात जाडसर पूड आणि पाणी, चार मिनिटं, मग जाळी लावलेला दांडा सावकाश खाली. त्याने एक वही केली. तारीख, किती ग्रॅम कॉफी, किती पाणी, किती वेळ आणि शेवटी चव. चवीच्या रकान्यात तो काय काय लिहायचा. 'भाजलेल्या शेंगदाण्यासारखी.' 'संत्र्याच्या सालीचा वास.' 'किंचित करपट, पाणी जास्त तापलं.' वहिनी चहा पिणाऱ्या. त्या म्हणायच्या, "यांनी माझ्या स्वयंपाकाला एवढी दाद कधी दिली नाही."

मग ते वाक्य आलं. मी धुळ्याला गेले होते, नव्या बियांचं पाकीट घेऊन. त्याने मिक्सरमध्ये दळल्या, कॉफी केली, कपात नाक घातलं आणि म्हणाला, "या कॉफीला वास नाही."

"ताजी आहे रे. तारीख बघ."

"तारीख छापता येते. वास छापता येत नाही."

मला लागलं ते. जळगावला आल्यावर मी ज्याच्याकडून माल घेते त्याला फोन करून बोलले. त्याने दुसऱ्या भाजणीचं पाकीट पाठवलं. भाऊ म्हणाला, हीही तशीच. मग त्यानेच कारण शोधून काढलं. मिक्सरचं पातं बिया कापतं, काही पीठ होतं, काही तुकडे राहतात, शिवाय पूड तापते, त्यात वास उडतो. म्हणणं खरं होतं. मीही गिऱ्हाइकांना हेच सांगते. त्या वर्षी मी त्याला हातानं फिरवायची चक्की दिली, आत पोलादी दाते असलेली. वर बिया घालायच्या, दांडा फिरवायचा, खालच्या डबीत एकसारखी पूड. दाते किती जवळ आणायचे ते टकटक वाजणाऱ्या खाचा मोजून ठरवायचं.

महिनाभर तो खूश होता. मग फोन आला. "चक्की चांगली आहे. पण वास नाही."

आता वाटतं, मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण दुकानदार आहे मी. गिऱ्हाईक म्हणालं की अमुक होत नाही, तर त्याच्या पुढची वस्तू माझ्या मांडणीवर असतेच. पुढच्या वर्षी मी त्याला तीन गोष्टी एकदम दिल्या. कागदी गाळणी बसवायचा शंकूच्या आकाराचा चिनी मातीचा ड्रिपर, दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा, सेकंदही दाखवणारा वजनकाटा, आणि लांब बारीक वळणदार तोटीची किटली, गॅसवर ठेवायची. त्या तोटीतून पाणी दोऱ्यासारखं पडतं, हवं तिथे आणि हवं तेवढंच. हौसेचं हे शेवटचं टोक नव्हे, पण इथपर्यंत आलेला माणूस मागे फिरत नाही, हे मला दुकानामुळे माहीत आहे.

त्या दिवशी त्याने माझ्यासमोर कॉफी केली. पंधरा ग्रॅम पूड. आधी फक्त चाळीस ग्रॅम पाणी टाकलं आणि काट्यावरचे सेकंद बघत थांबला. पूड फुगून वर आली, तिच्यावर बुडबुडे फुटायला लागले. बिया ताज्या असल्या की त्यांच्यात साठलेला वायू असा बाहेर पडतो. शिळ्या असत्या तर पूड नुसती भिजून खाली बसली असती. आणि वास तर असा सुटला की बाहेरच्या खोलीतून वहिनी म्हणाल्या, "आज काय विशेष?"

मी भावाकडे बघितलं. त्याने ड्रिपरवर तोंड नेलं होतं. डोळे मिटून त्याने मोठा श्वास घेतला. मग डोळे उघडून त्याने काट्याकडे बघितलं, जणू उत्तर तिथे लिहिलेलं असणार.

"येतो ना वास?" मी विचारलं.

"येईल," तो म्हणाला. "पाण्याचा दोष दिसतोय. आपलं पाणी जड आहे."

वहिनींना बाजूला घेऊन विचारलं, याला वास येतो ना, तर त्या म्हणाल्या, कोरोना झाला होता तेव्हा गेलेला वास परत आला होता, त्यानंतर तर फोडणीला घातलेल्या लसणीच्या वासावरून भांडण झालं होतं आमचं. नंतर वासाबद्दलचं बोलणंच राहून गेलं. माणूस वास येत नाही म्हणून रडत नाही. जेवतो, फिरतो, पेपर वाचतो.

मी वही चाळली. चवीच्या रकान्यात आधी ओळी होत्या, मग शब्द होते, मग पानामागून पान एकच शब्द, 'सपक'. अजून एक गोष्ट दिसली, पण मी तिच्यावर विचार केला नाही. त्याचं अक्षर लहान झालं होतं. फळ्यावर शेवटच्या बाकापर्यंत दिसेल असं लिहिणारा माणूस, आणि वहीत ओळ सुरू होताना असलेलं अक्षर ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं होत होतं. मला वाटलं, वही पुरवून वापरतोय.

पुढच्या हिवाळ्यात त्याने स्वतःहून मागणी केली. तोवर त्याने कधी काही मागितलं नव्हतं. "ते दाबावर कॉफी काढणारं यंत्र असतं ना, पंपाचं, ते बघ माझ्यासाठी. दाबानं सगळं बाहेर येईल."

"सगळं म्हणजे?"

"वास."

मी म्हटलं, भाऊ, त्या यंत्राला पूड फार बारीक आणि अगदी नेमकी लागते, हाताच्या चक्कीवर रोज तेवढं दळताना कंटाळशील. तो म्हणाला, "हाताच्या चक्कीचं आताच होत नाही. उजवा हात थकतो. दोन फेऱ्यांत जड होतो."

"खांदा दुखतोय का?"

"दुखत नाही. थकतो."

मी ठरवलं, यंत्र नंतर, आधी विजेवर चालणारी चक्की द्यायची. चांगली, दातेवाली, माझ्याकडची सगळ्यात भारी. वहिनी तेव्हा पुण्याला होत्या, मुलीचं बाळंतपण होतं. भाऊ घरी एकटा. दुकानाच्या गडबडीत माझं जाणं लांबून मे महिना लागला होता. मी खोकं मांडीवर घेऊन सकाळच्या एसटीने निघाले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि खिडकीतून येणारी हवा तापायला लागली. वाटेत दोनदा फोन लावला. दुसऱ्यांदा त्याने उचलला आणि म्हणाला, "ये. पाणी चढवतो. तू येईपर्यंत दळून होईल."

स्टँडवरून रिक्षाने त्याच्या गल्लीत उतरले. उन्हाळ्यात आमच्याकडे दहा वाजले की दारं-खिडक्या लावून घेतात, घर थंड राहावं म्हणून. त्याचंही बंद होतं. शेजारच्या अक्का ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. अहिराणीत म्हणाल्या, "ऊनी का माय? भाऊ घरमाच शे. बठ्ठं बरं शे ना तिकडे?"

मी म्हटलं, आले, तिकडे सगळं बरं आहे, आणि पायरी चढले. पहिल्या पायरीवर काही नव्हतं. दुसऱ्या पायरीवर तो वास आला. कुजक्या कोबीसारखा, गॅसचा. मला वाटलं, अक्कांच्या घरातून येत असेल. दाराजवळ गेले तर तो दाराखालच्या फटीतून येत होता.

खोकं मी तिथेच ठेवलं. बेलचं बटण दाबायला हात गेला होता, तो ठिणगीच्या भीतीने मागे घेतला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार, पडदे ओढलेले. आणि वास इतका की घशात जळजळ झाली. स्वयंपाकघराच्या दारातून मला भाऊ पाठमोरा दिसला. ओट्यावर ती लांब तोटीची किटली, चुलीभोवती सांडलेलं पाणी. किटली काठोकाठ भरलेली असणार, उकळल्यावर तोटीतून पाणी उसळलं आणि त्या पाण्याने जाळ विझला. बटण चालूच होतं. भाऊच्या डाव्या हातात चक्की होती, अर्धी दळलेली. उजव्या हातात लायटर.

तो शांतपणे चुलीकडे वाकत होता.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर दचकून त्याचा अंगठा दाबला गेला असता, हे कुठून सुचलं माहीत नाही. मी म्हटलं, "भाऊ, लायटर खाली ठेव."

त्याने मान वळवली. सावकाश, सगळं अंग वळवून. चेहऱ्यावर काही नव्हतं. "आलीस? जाळ विझला बघ. पेटवतो."

"आधी लायटर ओट्यावर ठेव. दाबू नकोस. गॅस सुटलाय."

"कुठे?" तो म्हणाला.

तो एक शब्द मी विसरू शकत नाही. त्या गॅसमध्ये, जिथे मला श्वास घेववत नव्हता, तो माझ्याकडे बघून विचारत होता, कुठे.

मी त्याच्या हातातून लायटर घेतला, चुलीचं बटण बंद केलं, खाली वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. खाली वास जास्त होता, हा गॅस जड असतो, जमिनीलगत साचतो. मागचं दार उघडलं, खिडक्या उघडल्या. भाऊचा हात सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेला, तो मी धरला. त्याला दंडाला धरून बाहेर अक्कांच्या ओट्यावर आणून बसवलं. अक्कांनी पाणी आणलं. आम्ही तिथे बराच वेळ उन्हात बसून राहिलो. भाऊचं सगळं अंग स्थिर होतं. फक्त मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, जणू तो चिमटीत काहीतरी चोळत होता.

"दळायला वेळ लागला," तो म्हणाला. "नाहीतर लगेच लक्षात आलं असतं."

"किती वेळ दळत होतास?"

पंधरा ग्रॅम दळायला धडधाकट माणसाला मिनिटभर लागतं. चक्की अर्धी रिकामी होती आणि किटलीतलं पाणी कोमट झालं होतं.

संध्याकाळी मी वहिनींना फोन केला. सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की डॉक्टरकडे नेते. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं आणि म्हणाले, नाक स्वच्छ आहे. मग त्यांनी भावाला दोन पावलं चालायला सांगितलं. चालताना त्याचा डावा हात हलत होता, उजवा अंगाला चिकटलेला. डॉक्टरांनी नाशिकच्या मेंदूविकार तज्ज्ञांना चिठ्ठी दिली.

नाशिकला त्या डॉक्टरबाईंनी भावाला अंगठा आणि तर्जनी भराभर एकमेकांना टेकवायला लावली. सुरुवातीला बोटं नीट उघडत होती, मग अंतर कमी कमी होत गेलं आणि शेवटी बोटं नुसती चिकटून राहिली. एक वाक्य लिहायला सांगितलं. मी पिशवीतून वही काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पहिली पानं बघितली, शेवटची बघितली. मग म्हणाल्या, "कंपवात आहे. पार्किन्सन म्हणतात तो. यात पुष्कळदा हाताच्या आधी कित्येक वर्षं वास जातो. कुणाच्या लक्षात येत नाही." मग वहीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "यांच्या मात्र लक्षात आलं होतं."

परतताना भाऊ गाडीत खिडकीकडे बघत बसला. मला वाटत होतं, त्याने मला काहीतरी बोलावं. तीन वर्षं तो मला एकच गोष्ट सांगत होता आणि मी प्रत्येक वेळी त्याला एक नवीन वस्तू देत होते. त्याला बियांमध्ये दोष दिसला, मी बिया बदलल्या. दळण्यात दिसला, मी चक्की दिली. ओतण्यात दिसला, मी किटली दिली. दोष त्याच्यात असेल असं त्याला वाटू नये याची सोय मी करून ठेवली होती, तीही छान कागदात बांधून. हे मी त्याला बोलून दाखवलं.

"वेडी आहेस," तो म्हणाला. "मलाही तेच हवं होतं."

गोळ्या सुरू झाल्या. हाताला गुण आला, बटणं लावता येतात, चालणं सुधारलं. वास आला नाही. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, तो बहुधा येणार नाही. स्वयंपाकघरातून चूल काढली, आता विजेची शेगडी आहे. ती एसटीतून नेलेली चक्की ओट्यावर बसवली, एक बटण दाबलं की झालं. शंकूच्या ड्रिपरऐवजी मी त्याला खाली झडप असलेला दिला, पाणी एकदम ओतून ठेवायचं, तीन मिनिटांनी कपावर ठेवलं की आपोआप उतरतं. हात स्थिर असायची गरज नाही. दुकानात हल्ली कुणी वयस्कर माणसासाठी भेट मागायला आलं की मी तेच दाखवते, आणि विचारते, त्यांना वास नीट येतो का? लोक चमकतात. एकदोघं काही न घेता निघून गेले. एक बाई मात्र थबकल्या, म्हणाल्या, "का विचारलंत?" आणि मग खुर्चीवर बसल्या.

मी महिन्यातून एकदा धुळ्याला जाते. भाऊ कॉफी करतो. वहिनी म्हणतात, कडू तेवढं कळतं त्यांना, आंबट कळतं, बाकी आठवणीवर पितात. मी आणि वहिनी कप नाकाशी धरतो आणि तो आमच्याकडे बघत बसतो. मी सांगते. गूळ वितळल्यासारखा. ओल्या मातीसारखा. मागून थोडा लिंबाच्या सालीसारखा. तो मान हलवतो, चेहरा मात्र फारसा हलत नाही आता.

गेल्या खेपेला वहिनी नातवाला घेऊन बाहेर गेल्या होत्या. मी कप नाकाशी धरला आणि सांगायला जरा उशीर झाला. विचार दुसरीकडे होता, दुकानात दिवाळीचा माल यायचा होता.

भाऊने कप खाली ठेवला. "तुला येतो ना गं?" त्याने विचारलं.

"येतो की," मी म्हटलं. "लक्ष नव्हतं माझं."

त्याने मान डोलावली. पण तो माझ्या नाकाकडेच बघत होता. मी कप पुन्हा वर उचलला आणि या वेळी डोळे मिटून मोठा श्वास घेतला.